स्वरसंगती: दूरवरचे सदृशीकरण आणि शब्दाची हद्द

या पाठाची उद्दिष्टे

हा पाठ वाचून झाल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी करता याव्यात:

- शेजारच्या ध्वनींमधले सदृशीकरण आणि दूरच्या ध्वनींमधले सदृशीकरण यांतला फरक उदाहरणांनी सांगणे.
- फिन्निश भाषेतील शब्दाला कोणता प्रत्यय लागेल हे त्या शब्दाच्या स्वरांवरून ठरवणे.
- स्वरसंगती शब्दाची हद्द कशी दाखवते आणि कुठे ती दाखवू शकत नाही, हे स्पष्ट करणे.

१. प्रस्तावना: दोन शहरे, दोन प्रत्यय

विद्यार्थी मित्रांनो, फिनलंडमधील दोन शहरांच्या नावांपासून सुरुवात करू. एक आहे ताम्पेरे आणि दुसरे उत्तर ध्रुववृत्ताजवळचे रोवानिएमि. मराठीत आपण ‘ताम्पेरेत’ आणि ‘रोवानिएमित’ असे म्हणू. दोन्हीकडे प्रत्यय एकच, ‘-त’. मराठीचा हा प्रत्यय समोरचा शब्द पाहून आपला आवाज बदलत नाही. घरात, नदीत, शाळेत, गावात, सगळीकडे तो तसाच राहतो.

फिन्निश माणूस मात्र ‘ताम्पेरेऽल्ला’ म्हणतो आणि ‘रोवानिएमेल्लॅ’ म्हणतो. प्रत्यय तोच आहे, अर्थही तोच आहे. पण एकीकडे तो ‘-ल्ला’ होतो आणि दुसरीकडे ‘-ल्लॅ’. आता या नावांतले स्वर पाहा. ताम्पेरेमध्ये आधी आ आणि मग दोन ए. रोवानिएमिमध्ये आधी ओ आणि आ, मग इ, ए, इ. म्हणजे दोन्ही नावांची स्वररचना साधारण एकाच धाटणीची आहे: आधी आ-ओ गटातले स्वर, नंतर इ-ए गटातले. मग प्रत्यय वेगळा का?

या प्रश्नाचे उत्तर रोवानिएमि या नावाच्या पोटात लपलेल्या एका सीमेत आहे. ती सीमा लिहून दाखवलेली नसते आणि तिथे बोलणारा थांबतही नाही. तरीही शेवटचा प्रत्यय ती सीमा उघड करतो. हे कसे घडते, ते या पाठात टप्प्याटप्प्याने पाहू.

२. शेजारचे आणि दूरचे सदृशीकरण

एक ध्वनी दुसऱ्या ध्वनीच्या प्रभावाने त्याच्यासारखा होतो, याला सदृशीकरण म्हणतात. संस्कृत संधी शिकताना तुम्ही हे पाहिले आहे. सत् आणि जन मिळून ‘सज्जन’ होते. वाक् आणि मय मिळून ‘वाङ्मय’ होते. या दोन्ही उदाहरणांत प्रभाव टाकणारा ध्वनी आणि बदलणारा ध्वनी एकमेकांना चिकटून आहेत. त् च्या अगदी पुढे ज् आहे, क् च्या अगदी पुढे म् आहे. हे शेजारचे सदृशीकरण.

पण सगळेच सदृशीकरण इतके जवळचे नसते. संस्कृतात देव शब्दाची तृतीया ‘देवेन’ होते, तर राम शब्दाची ‘रामेण’. प्रत्यय तोच, पण रामेण मध्ये न चा ण झाला आहे. कारण शब्दाच्या आरंभी र आहे. र आणि न यांच्या मध्ये आ, म् आणि ए असे तीन ध्वनी आहेत. तरी र चा प्रभाव त्यांना ओलांडून न पर्यंत पोहोचतो. मराठीत आलेल्या तत्सम शब्दांतही हे दिसते: भ्रमण, ग्रहण. याउलट दर्शन, अर्चन या शब्दांत र असूनही न तसाच राहतो, कारण वाटेत श किंवा च आहे आणि ते हा प्रभाव अडवतात. म्हणजे दूरच्या सदृशीकरणात काही ध्वनी प्रभावाला वाट देतात आणि काही वाट अडवतात.

यातली आणखी एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पाणिनीने हा नियम सांगताना ‘समानपद’ अशी अट घातली आहे. प्रभाव टाकणारा र आणि बदलणारा न एकाच पदात असले पाहिजेत. म्हणून ‘रामनाम’ मध्ये र असूनही ‘रामणाम’ होत नाही. राम हे एक पद, नाम हे दुसरे. पुढे पाणिनी असेही सांगतो की समास जर विशिष्ट नाव म्हणून रूढ असेल, तर पूर्वपदातला र उत्तरपदातल्या न ला बदलू शकतो. नखा या शब्दातला न ‘शूर्पणखा’ या नावात ण होतो तो यामुळेच. दूरवर जाणारा ध्वनिनियम कुठपर्यंत चालतो हे पाहिले, तर बोलणारे लोक कशाला एक शब्द मानतात हे कळते. स्वरसंगतीच्या बाबतीतही नेमके हेच घडते. फक्त तिथे व्यंजनांऐवजी स्वरांचा संबंध असतो.

३. फिन्निशमधील स्वरांचे तीन गट

स्वरसंगती, म्हणजेच व्हॉवेल हार्मनी, ही एकाच शब्दातल्या स्वरांवर असलेली अट आहे. काही ठरावीक गुणांच्या बाबतीत शब्दातले सगळे स्वर एकसारखे असावे लागतात. तुर्की, हंगेरियन, फिन्निश या भाषा यासाठी प्रसिद्ध आहेत. तुर्कीत घोडे म्हणजे ‘आतलार’ आणि घरे म्हणजे ‘एवलेर’. अनेकवचनाचा प्रत्यय आ नंतर ‘-लार’ आणि ए नंतर ‘-लेर’ होतो. आपण फिन्निश भाषा घेऊ, कारण तिची व्यवस्था सोपी आहे आणि देवनागरीत दाखवायलाही सोयीची आहे.

फिन्निशमध्ये आठ स्वर आहेत. ते जिभेच्या स्थानानुसार असे विभागता येतात:

- पश्च स्वर: आ, ओ, उ. यांत जीभ मागे ओढलेली असते.
- अग्र स्वर: ॲ, यो, यु. यांत जीभ पुढे असते.
- तटस्थ स्वर: इ, ए.

अग्र स्वरांपैकी ॲ हा आपल्या ‘बॅट’ मधला स्वर आहे. बाकीचे दोन मराठीत नाहीत. ‘इ’ म्हणा, जीभ तशीच ठेवा आणि फक्त ओठ ‘उ’ सारखे गोल करा. जो आवाज निघेल तो इथे ‘यु’ असा लिहिला आहे. तसेच ‘ए’ म्हणताना ओठ गोल केले की ‘यो’ मिळतो. लक्षात ठेवा, या पाठातल्या फिन्निश शब्दांत यु आणि यो म्हणजे य अधिक स्वर नव्हे. तो एकच स्वर आहे. लांब स्वरापुढे ऽ अशी खूण केली आहे.

आता पहिल्या दोन गटांकडे नीट पाहा. प्रत्येक पश्च स्वराला एक अग्र जोडीदार आहे: आ–ॲ, ओ–यो, उ–यु. नियम असा की एका साध्या शब्दात पश्च आणि अग्र स्वर एकत्र येत नाहीत. ‘तालो’ म्हणजे घर. दोन्ही स्वर पश्च. ‘क्युलॅ’ म्हणजे गाव; दोन्ही स्वर अग्र. ‘तालॅ’ किंवा ‘क्युला’ असा देशी शब्द तुम्हाला सापडणार नाही.

प्रत्ययांना स्वतःचा गट नसतो. ‘च्या आत’ या अर्थाचा प्रत्यय ‘-स्सा’ किंवा ‘-स्सॅ’ असा दोन रूपांत तयार असतो आणि मूळ शब्द त्यातले एक निवडतो:

- तालो (घर): तालोस्सा, घरात
- कोउलु (शाळा): कोउलुस्सा, शाळेत
- क्युलॅ (गाव): क्युलॅस्सॅ, गावात
- मेत्सॅ (जंगल): मेत्सॅस्सॅ, जंगलात

एका प्रत्ययापुढे दुसरा, त्यापुढे तिसरा लागला तरी निवड पुन्हा होत नाही. ‘त्याच्या’ या अर्थाचा प्रत्यय आणि शेवटी प्रश्नाचा ‘का’ लावून पाहा. त्याच्या घरात का? ‘तालोस्सान्साको’. त्याच्या जंगलात का? ‘मेत्सॅस्सॅन्सॅक्यो’. तीन प्रत्यय, तिन्ही मूळ शब्दाच्या गटात. मराठीत प्रश्नाचा ‘का’ वाक्याच्या शेवटी सुटा उभा असतो. फिन्निशमध्ये तोही शब्दाच्या हद्दीत येतो आणि ‘को’ की ‘क्यो’ हे मूळ शब्दाकडून ठरवून घेतो.

४. स्वरसंगती ‘दूरवरची’ का म्हणायची?

तालोस्सा मध्ये ओ आणि आ यांच्या मध्ये ‘स्स’ आहे. म्हणजे व्यंजने ओलांडली जातातच. पण खरी परीक्षा तटस्थ स्वरांची आहे. इ आणि ए हे उच्चाराने अग्र आहेत, पण त्यांना पश्च जोडीदार नाही. त्यामुळे ते दोन्ही गटांच्या शब्दांत येऊ शकतात.

‘तुओलि’ म्हणजे खुर्ची. यात उ, ओ पश्च आहेत आणि शेवटी इ आहे. प्रत्यय लागल्यावर ‘तुओलिस्सा’ होते, ‘तुओलिस्सॅ’ नाही. प्रत्ययाच्या सर्वांत जवळचा स्वर इ आहे आणि त्यात जीभ पुढे आहे. तरी प्रत्यय त्याच्याकडे पाहत नाही, पलीकडच्या ओ कडे पाहतो. ‘पापेरि’ म्हणजे कागद. यात आ नंतर ए आणि इ असे दोन तटस्थ स्वर आहेत. तरीही ‘पापेरिस्सा’. आ चा प्रभाव दोन स्वर ओलांडून प्रत्ययापर्यंत पोहोचला.

शब्दात फक्त तटस्थ स्वर असतील तर? ‘किवि’ म्हणजे दगड; त्याचे रूप ‘किवेस्सॅ’ होते. पलीकडे पाहायला कोणी नसल्यामुळे प्रत्यय अग्र रूप घेतो. हेलसिंकीचेही तसेच: ‘हेल्सिंगिस्सॅ’.

हे समजून घेण्यासाठी भाषाशास्त्रात एक उपयुक्त मांडणी आहे. जॉन गोल्डस्मिथ यांनी १९७६ च्या आपल्या प्रबंधात असे सुचवले की ध्वनींचे काही गुण एकेका ध्वनीला बांधलेले न मानता वेगळ्या थरावर ठेवावेत. स्वरसंगतीला ही कल्पना चांगली लागू पडते. ‘पश्च’ हा गुण आ मध्ये कोंडलेला नसून शब्दाच्या वरच्या थरावर एकदाच असतो आणि खालच्या थरावरच्या स्वरांना तो जोडला जातो. इ आणि ए यांना हा गुण घेता येत नाही, म्हणून ते वगळले जातात. वरच्या थरावरून पाहिले तर पापेरिस्सा मधला आ आणि शेवटचा आ हे शेजारीच आहेत. खालच्या थरावर जे अंतर दिसते, ते वरच्या थरावर नसतेच.

५. प्रभाव कुठे थांबतो?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. प्रभाव इतका लांब जाऊ शकतो, तर तो थांबतो कुठे?

फिन्निश ही प्रामुख्याने प्रत्यय लावणारी भाषा आहे. मूळ शब्द आधी, बाकीचे सगळे त्याच्या मागे. गट ठरवणारा मूळ शब्द डावीकडे असतो आणि प्रभाव उजवीकडे पसरत जातो. पुढे दुसरा मूळ शब्द आला की तो स्वतःचा गट घेऊन येतो आणि पहिल्याचा प्रभाव तिथे संपतो. समासात हे स्पष्ट दिसते.

‘हॅमेऽन्लिन्ना’ हे फिनलंडमधील एका शहराचे नाव. हॅमे हा प्रदेश आणि ‘लिन्ना’ म्हणजे किल्ला. अर्थ ‘हॅमेचा किल्ला’. नाव एकत्र लिहितात. पण आत ॲ आणि आ दोन्ही आहेत. साध्या शब्दात हे शक्य नव्हते. इथे शक्य आहे, कारण आत दोन क्षेत्रे आहेत. आणि त्या शहरात म्हणजे ‘हॅमेऽन्लिन्नास्सा’. प्रत्यय लिन्ना कडून गट घेतो, हॅमे कडून नाही.

उपसर्गाचेही असेच. फिन्निशमध्ये उपसर्ग फारच थोडे आहेत. त्यातला एक ‘एपॅ-’, आपल्या ‘अ-’ सारखा नकार दाखवणारा. ‘वार्मा’ म्हणजे निश्चित, ‘एपॅवार्मा’ म्हणजे अनिश्चित. उपसर्गात अग्र ॲ आहे, पण वार्मा चे स्वर जसेच्या तसे राहतात. त्याचे ‘वॅर्मॅ’ होत नाही. मागे लागणारा प्रत्यय हद्दीच्या आत, पुढे लागणारा उपसर्ग हद्दीच्या बाहेर. (संस्कृतात उलट आहे: प्र उपसर्गातला र ‘प्रणाम’ मध्ये न चा ण करतो. प्रत्येक नियमाची हद्द त्या त्या भाषेत तपासावी लागते.)

आता ताम्पेरे आणि रोवानिएमि यांचे कोडे सोडवू.

पहिली पायरी. ताम्पेरे हे आज बोलणाऱ्यांसाठी एकसंध नाव आहे. एकच क्षेत्र. त्यात आ पश्च आहे, दोन्ही ए तटस्थ आहेत. पापेरिस्सा सारखाच प्रकार. म्हणून आ चा प्रभाव प्रत्ययापर्यंत जातो आणि ‘ताम्पेरेऽल्ला’ होते.

दुसरी पायरी. रोवानिएमि हा समास आहे. त्याचा दुसरा भाग ‘निएमि’ म्हणजे पाण्यात शिरलेला जमिनीचा भाग, भूशिर. म्हणजे क्षेत्रे दोन: रोवा आणि निएमि.

तिसरी पायरी. प्रत्यय निएमि च्या क्षेत्रात लागतो. या क्षेत्रात फक्त इ, ए, इ, म्हणजे सगळे तटस्थ. प्रत्यय मागे पाहतो, पण निएमि च्या डाव्या कडेला त्याची दृष्टी थांबते. पलीकडच्या रोवा मधले ओ आणि आ त्याला दिसत नाहीत. त्यामुळे किवेस्सॅ सारखेच अग्र रूप: ‘रोवानिएमेल्लॅ’.

रोवानिएमि हा एकसंध शब्द असता तर आ चा प्रभाव तटस्थ स्वर ओलांडून गेला असता आणि रूप ‘रोवानिएमेल्ला’ झाले असते. ते तसे होत नाही, हाच आत सीमा असल्याचा पुरावा आहे. समासाचा अर्थ माहीत नसलेल्या अभ्यासकालाही केवळ प्रत्ययावरून ही सीमा ओळखता येईल.

६. ऐकणाऱ्याला याचा उपयोग होतो का?

आपण लिहिताना शब्दांमध्ये जागा सोडतो, पण बोलताना अशी जागा नसते. ऐकणाऱ्याला सलग प्रवाहातून शब्द वेगळे काढावे लागतात. निकोलाय त्रुबेत्स्कोय यांनी १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अशा ध्वनिखुणांना सीमासंकेत म्हटले आणि स्वरसंगतीची गणना त्यांत केली.

एक सलग उच्चार घेऊ: क्युलॅस्सॅओन्कोउलु. डावीकडून ऐकत जा. यु, ॲ, ॲ, तिन्ही अग्र. मग ओ येतो, तो पश्च. हे चारही स्वर एका क्षेत्रात असू शकत नाहीत. म्हणजे ॲ आणि ओ यांच्या मध्ये सीमा असलीच पाहिजे: क्युलॅस्सॅ | ओन्कोउलु. पुढे मात्र ओ, ओ, उ, उ सगळे पश्च आहेत. प्रत्यक्षात इथे ‘ओन’ आणि ‘कोउलु’ असे दोन शब्द आहेत. पूर्ण वाक्य ‘क्युलॅस्सॅ ओन कोउलु’, म्हणजे गावात शाळा आहे. दुसऱ्या सीमेबद्दल स्वरसंगतीने काहीच सांगितले नाही. यातून एक नियम हाती लागतो: स्वरांचा गट बदलला तर सीमा आहे, पण गट बदलला नाही म्हणून सीमा नाही, असे म्हणता येत नाही.

फिन्निश लोक ऐकताना खरोखर ही खूण वापरतात का, हे कारी सुओमी, जेम्स मॅक्वीन आणि ॲन कटलर यांनी तपासले. त्यांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. श्रोत्यांना निरर्थक ध्वनिमालिका ऐकवल्या जात आणि तिच्यात खरा शब्द ओळखायचा असे. उदाहरणार्थ ‘ह्युम्यु’ म्हणजे स्मित. तो एकदा ‘पुह्युम्यु’ मध्ये ऐकवला आणि एकदा ‘प्युह्युम्यु’ मध्ये. पहिल्यात उ नंतर यु येतो, म्हणजे गट बदलतो. दुसऱ्यात सगळे स्वर अग्र आहेत. श्रोत्यांना पुह्युम्यु मधला ह्युम्यु ओळखणे सोपे गेले. गट जिथे मोडला, तिथे नवा शब्द सुरू होत असावा, असे त्यांच्या कानाने गृहीत धरले.

परंतु फिन्निशमध्ये शब्दाच्या आरंभाची आणखी एक खूण आहे: आघात नेहमी पहिल्या अक्षरावर असतो. व्रूमेन, तुओमाइनेन आणि द गेल्डर यांनी १९९८ मध्ये दोन्ही खुणा एकत्र तपासल्या. ह्युम्यु च्या पहिल्या अक्षरावर आघात नसताना आधीचाच निकाल मिळाला. आघात दिला, तेव्हा श्रोते अधिक लवकर शब्द ओळखू लागले आणि स्वरसंगतीचा परिणाम बराच कमी झाला. म्हणजे ही खूण खरी आहे, पण एकटी नाही. अधिक ठळक खूण मिळाली की ऐकणारा तिच्यावर जास्त विसंबतो.

७. मर्यादा

ही खूण वापरताना तीन ठिकाणी चूक होऊ शकते.

पहिली, सीमेची नेमकी जागा. पुह्युम्यु मध्ये गट उ आणि यु यांच्या मध्ये बदलला, हे निश्चित. पण मधला ह आधीच्या शब्दाचा की नंतरच्या? स्वरसंगती फक्त स्वरांबद्दल बोलते, त्यामुळे ती दोन स्वरांमधला पट्टा दाखवते. त्या पट्ट्यातला नेमका बिंदू इतर माहितीवरून ठरवावा लागतो.

दुसरी, परके शब्द. ‘आनाल्युऽसि’ म्हणजे विश्लेषण, इंग्रजी ॲनालिसिसचा भाऊबंद. यात आ आणि यु एकत्र आहेत, पण आत कोणतीही सीमा नाही. इथे बोलणाऱ्यांचीही द्विधा होते: ‘आनाल्युऽसिस्सा’ आणि ‘आनाल्युऽसिस्सॅ’ अशी दोन्ही रूपे वापरात आहेत. देशी शब्दांतही एखादा अपवाद असतो. ‘मेरि’ म्हणजे समुद्र. त्याचे ‘मेरेस्सॅ’ हे रूप अपेक्षेप्रमाणे अग्र आहे, पण त्याच शब्दाचे दुसरे एक विभक्तिरूप ‘मेर्ता’ असे पश्च होते.

तिसरी गोष्ट चूक नसून बदल आहे. ‘तॅल्लाइनेन’ म्हणजे ‘असा, या प्रकारचा’. तो ‘तॅमॅन’ (याचा) आणि ‘लाइनेन’ (प्रकारचा) यांपासून बनला. म्हणून त्यात ॲ आणि आ शेजारी आहेत. प्रमाण लेखनात हेच रूप योग्य. पण आज पुष्कळ लोक ‘तॅल्लॅइनेन’ म्हणतात आणि लिहितातही. शिक्षक ती चूक म्हणून दुरुस्त करतात. भाषाशास्त्राचा विद्यार्थी म्हणून तुम्ही तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहा. या लोकांसाठी आतली सीमा पुसली गेली आहे. दोन पदांचे एक पद झाले, म्हणून पहिल्या ॲ चा प्रभाव पुढे पसरला. शूर्पणखा मध्ये न चा ण झाला, त्याच जातीचा हा पुरावा आहे.

८. आपल्या शेजारी: तेलुगू

स्वरसंगती पाहण्यासाठी फिनलंडलाच जावे लागते असे नाही. तेलुगूत ‘ला’ या अर्थाचा प्रत्यय इ नंतर ‘-कि’ आणि इतरत्र ‘-कु’ असा येतो: पिल्लि (मांजर) वरून पिल्लिकि, अम्म (आई) वरून अम्मकु. काही भागांत बोलताना अम्मकि असेही म्हणतात, म्हणून आपण प्रमाण लेखी रूपे घेतली आहेत.

तेलुगूची विशेषता अशी की इथे प्रभाव उलट दिशेनेही जातो. मनिषि म्हणजे माणूस. अनेकवचनाचा ‘-लु’ लागला की ‘मनुषुलु’ होते. प्रत्ययातल्या उ ने मूळ शब्दातल्या दोन्ही इ बदलून टाकल्या. फिन्निशमध्ये मूळ शब्द प्रत्ययाला बदलतो. इथे प्रत्यय मूळ शब्दाला बदलतो. पण पिल्लि चे अनेकवचन पाहा: ‘पिल्लुलु’. दुसरी इ बदलली, पहिली टिकली. प्रभाव मागे सरकत शब्दाच्या पहिल्या अक्षरापर्यंत येतो आणि तिथे थांबतो. दिशा बदलली, तरी शब्दाची डावी कड इथेही विशेष ठरते.

सारांश

दूरवरचे सदृशीकरण काही ध्वनी ओलांडून जाते, पण एका ठरावीक क्षेत्राबाहेर जात नाही. फिन्निशमध्ये हे क्षेत्र म्हणजे एक मूळ शब्द आणि त्यामागचे सर्व प्रत्यय. समासाचा आधीचा भाग आणि उपसर्ग त्याबाहेर राहतात. म्हणूनच ताम्पेरेऽल्ला आणि रोवानिएमेल्लॅ ही रूपे वेगळी होतात. स्वरांचा गट बदलणे ही सीमेची खूण आहे. गट न बदलणे ही सीमा नसल्याची खूण नाही.

स्वाध्याय

१. ‘माऽपॅह्किनॅ’ हा फिन्निश समास आपल्या ‘भुईमूग’ सारखा आहे: माऽ म्हणजे जमीन, पॅह्किनॅ म्हणजे कठीण कवचाचे फळ. ‘शेंगदाण्यात’ या अर्थी त्याला -स्सा लागेल की -स्सॅ? कोणत्या भागाच्या कोणत्या स्वरामुळे?

२. एका अपरिचित फिन्निश शब्दात आ, इ, ए, इ या क्रमाने स्वर आहेत आणि त्याला -स्सॅ लागतो. शब्द परका नाही. या शब्दाच्या रचनेबद्दल तुम्ही काय अनुमान कराल? सीमा कोणत्या स्वरांच्या मध्ये असू शकते, याच्या सर्व शक्यता लिहा.

३. रामनाम, शूर्पणखा, तॅल्लाइनेन आणि तॅल्लॅइनेन या चार शब्दांची प्रत्येकी एक किंवा दोन पदे अशी विभागणी करा आणि प्रत्येकासाठी ध्वनींचा पुरावा सांगा.

४. तेलुगू बोलणाऱ्या सहाध्यायाकडून ‘इ’ ने संपणारी दहा नामे आणि त्यांची अनेकवचने मिळवा. किती नामांत इ चा उ झाला? जिथे झाला नाही, तिथे काय वेगळे आहे?